आरसा, वास, आवाज आणि दाराजवळचा सोफा

प्रश्न : माझं तीन खुर्च्यांचं छोटं सलून आहे. खोली २० बाय १२ फूट, उंची १० फूट. तिन्ही खुर्च्या लांब भिंतीला, मागच्या कोपऱ्यात हेअर वॉशचं बेसिन, दारापाशी तीन जणांचा सोफा. छतात सहा गोल एलईडी दिवे आहेत, एकदम पांढरे. एक ब्लूटूथ स्पीकर आहे आणि वास जावा म्हणून रूम स्प्रे मारतो. काम आवडतं असं सगळ्या सांगतात, पण ‘तुमच्या आरशात मी फार दमलेली दिसते’ हेही ऐकावं लागतं. दोघींना केसांचा रंग घरी गेल्यावर पिवळट वाटला. एकीचं वासाने डोकं दुखलं. महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम बाजूला ठेवली आहे. दिवे, म्युझिक, सुगंध, बसायची जागा, यातलं आधी काय करू?

उत्तर :

नमस्कार. बाजूला ठेवलेल्या रकमेतला मोठा भाग आरशाजवळच्या दिव्यांना द्या, उरलेल्यातला बराचसा हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याला. म्युझिक आणि बसायची जागा यांत पैशापेक्षा मांडणी बदलण्याचं काम जास्त आहे. सुगंधावर तर जवळजवळ काहीच खर्च करू नका. असं का, ते एकेक करून पाहू.

आधी तो दमलेला चेहरा. दोष त्या बायकांच्या झोपेचा नाही, दिव्यांच्या जागेचा आहे. खुर्चीत बसलेल्या बाईचं डोकं आरशाच्या भिंतीपासून साधारण तीन फुटांवर येतं. तुमच्या सहा दिव्यांची पुढची रांग बहुधा तिथेच, बरोबर डोक्यावर असणार. वरून सरळ खाली पडणारा प्रकाश कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळवतो आणि डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली सावली टाकतो. डोळ्यांखालची सावली म्हणजेच ‘दमलेली दिसते’. शिवाय भांगावर थेट उजेड पडून टाळू चमकते, त्यामुळे केस आहेत त्याहून विरळ दिसतात. हे कुणी तोंडावर बोलत नाही, पण खटकतं मात्र नक्की.

ही सावली जास्त वॅटचा दिवा लावून जात नाही, उलट आणखी गडद होते. चेहऱ्यावर प्रकाश समोरून, दोन्ही बाजूंनी आणि चेहऱ्याच्याच उंचीवर यायला हवा. म्हणून प्रत्येक आरशाच्या डाव्या-उजव्या कडेला दोन फुटी एलईडी बॅटन उभी लावा, दुधी कव्हर असलेली, साधारण १० वॅट आणि १००० लुमेनची. बॅटनचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, कारण बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तिथे येतात. तीन आरशांना सहा बॅटन लागतील. आरशाच्या वर एकच आडवा दिवा लावायचा मोह होतो, कारण वायरिंग सोपं पडतं. पण त्याने वरून येणारी सावली फक्त थोडी पुढे सरकते. बाजूचे दोन दिवेच लावा.

खोक्यावर दोन आकडे पाहायचे. पहिला रंगाचा: ४००० केल्विन. तुमचे ‘एकदम पांढरे’ दिवे बहुतेक ६५०० केल्विनचे असतील. त्या निळसर उजेडात त्वचा फिकट दिसते, डाग आणि शिरा उठून दिसतात. म्हणून कुणी तरी ‘पिवळे दिवे लावा, सगळ्या छान दिसतात’ असं सुचवेल. ३००० केल्विनच्या पिवळ्या उजेडात चेहरे छान दिसतात हे खरं, पण खुर्चीवर तो उजेड रंगकामाला घातक. पिवळ्या उजेडात निळा भाग फार कमी असतो आणि पांढरं व फिकट पिवळं यांतला फरक डोळ्याला त्याच भागामुळे कळतो. ब्लीच केलेल्या केसांत राहिलेला पिवळेपणा अशा दिव्याखाली दिसतच नाही. टोनर वेळेआधी धुतला जातो आणि ती बाई उन्हात गेली की पिवळा दिसायला लागतो. ४००० हा दोन्हींच्या मधला आणि कामाचा आकडा आहे.

दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. स्वस्त दिव्यांवर ८० असतं. तुम्हाला ९० किंवा त्याहून जास्त हवं. जमल्यास दुकानदाराला आर-नाइनचा आकडाही विचारा. तो गडद लाल रंगासाठी असतो आणि सीआरआयच्या नेहमीच्या सरासरीत धरलेला नसतो. तो ५० च्या वर असेल तर कॉपर, बरगंडी, मेहंदीच्या छटा आणि त्वचेतला लालसरपणा जिवंत दिसतो. तो फार कमी असला की सगळ्या छटा मातकट वाटतात, त्वचाही मलूल. तुमच्या दोघींच्या बाबतीत गडबड नेमकी कशात झाली हे इथून सांगता येणार नाही, कारण सध्याचे दिवे पिवळे नाहीत. पण निळसर आणि कमी सीआरआयच्या उजेडात केस आहेत त्याहून थंड, राखाडीकडे झुकलेले दिसू शकतात. मग ‘पुरेसा ॲश आलाय’ असं वाटून हात थांबतो. दिवे बदलण्याआधी एक तपासणी करून पाहा. शेड कार्डवरचा फिकट सोनेरी आणि त्याच पातळीचा ॲश असे दोन झुपके आधी खुर्चीत आणि मग दिवसाउजेडी दारात धरा. दारात दिसणारा फरक खुर्चीत पुसट होत असेल, तर दोष दिव्यात आहे. दोन्हीकडे सारखाच ठळक दिसत असेल, तर टोनरची वेळ आणि मिश्रण तपासा. दिवे बदलून तो प्रश्न सुटणार नाही.

सहाही बॅटन एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या आणि एकाच वेळी घ्या, वर दोन जास्तीच्या. दोन कंपन्यांचं ४००० सारखं नसतं. एक किंचित हिरवट, दुसरं किंचित गुलाबी निघतं. आरशाच्या दोन बाजूंना असे दोन दिवे लागले की चेहऱ्याचे दोन अर्धे वेगळ्या रंगाचे दिसतात. घेण्याआधी एक बॅटन दुकानात पेटवून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. पडद्यावर उजेड धडधडताना किंवा पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतो. नुसत्या डोळ्याला ते जाणवत नाही, पण तासभर समोर बसणाऱ्या काही जणांचं डोकं त्याने दुखतं. डोकेदुखीचा दोष सगळा वासावर टाकण्याआधी सध्याचे दिवेही याच पद्धतीने बघा.

आता छत. पुढच्या रांगेतले तीन दिवे काढू नका, फक्त त्यांचं बटण वेगळं करून घ्या आणि खुर्चीवर कुणी असताना बंद ठेवा. झाडलोट करताना ते उपयोगी पडतील. मागची रांग मात्र लागणार. आरशाजवळचा उजेड चेहऱ्यावर आणि पुढच्या केसांवर पडतो. मानेवरचे केस कापताना तुमच्याकडे काम करणाऱ्या मुलींना मागून उजेड हवा. त्या तीन जागी अरुंद झोत टाकणाऱ्या गोल दिव्यांऐवजी रुंद, दुधी पॅनेल बसवा, तेही ४००० केल्विनचेच. तीन रुंद दिवे असले की एकामुळे पडलेली कात्री धरणाऱ्या हाताची सावली दुसरा भरून काढतो. बसवल्यावर प्रत्येक खुर्चीत स्वतः बसून आरशात पाहा. मागचा एखादा दिवा आरशातून सरळ डोळ्यांत येत असेल तर इलेक्ट्रिशियन निघून जायच्या आत तो फूटभर सरकवून घ्या. आरसा प्रत्येक दिव्याला जुळा भाऊ देतो, हे दिवे बसवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तो कधी त्या खुर्चीत बसत नाही.

उजेड पुरेसा आहे का, हे मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपने ढोबळमानाने कळतं. मोबाइल चेहऱ्याच्या जागी, सेन्सरची बाजू आरशाकडे करून धरा. दोन बॅटन आणि छताचा विखुरलेला उजेड मिळून ५०० ते ७०० लक्सच्या आसपास यावं. ॲपचा आकडा अचूक नसतो, पण तिन्ही खुर्च्या एकमेकींशी ताडून पाहायला पुरतो. एखादी खुर्ची बरीच मागे पडली तर आधी तिथल्या बॅटनचं कव्हर पुसा. हेअर स्प्रेचा चिकट थर आणि त्यावर बसलेली धूळ मिळून उजेड हळूहळू खातात आणि ते रोजच्या नजरेला कळत नाही. महिन्यातून एकदा वीज बंद करून, कपडा ओला करून घट्ट पिळून पुसलं की पुरे.

अंगावर घालायचं एप्रन हाही प्रकाशाचाच भाग आहे. काळं एप्रन खालून येणारा सगळा उजेड गिळतं आणि हनुवटीखालची सावली वाढवतं; भडक गुलाबी एप्रन चेहऱ्यावर गुलाबी झाक टाकतं आणि मग केसांचा रंगही नीट कळत नाही. रंग लावताना डागांसाठी काळं चालेल. शेवटी ब्लो-ड्रायच्या वेळी फिकट राखाडी किंवा मळकट पांढरं एप्रन घाला. ते उजेड वर परतवतं आणि चेहरा मोकळा दिसतो. आरशासमोरची भिंत गडद हिरवी, जांभळी वगैरे असेल तर तीही झाक टाकते. ती मळकट पांढरी करून घ्या.

बेसिनचा कोपरा वेगळा विचारात घ्या. तिथे बाई मान मागे टाकून छताकडे बघत असते. डोक्यावरचा दिवा थेट डोळ्यांत येतो आणि ती डोळे मिटून घेते; लोक समजतात आराम वाटतोय. तो दिवा बंद करून बाजूच्या भिंतीवर, बेसिनच्या थोडं वर, कव्हरवाला ३००० केल्विनचा मंद दिवा लावा, असा की बल्ब पडलेल्या माणसाला दिसणार नाही पण पाण्यातला रंग धुणाऱ्या मुलीला दिसेल. पाण्याजवळचा दिवा असल्याने आयपी ४४ लिहिलेला घ्या आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. टोनर कितपत चढलाय हे मात्र या मंद उजेडात ठरवू नका. ओल्या बटेला टॉवेलने टिपून ती खुर्चीच्या उजेडात बघायची.

दाराजवळ दिवसाचा उजेड येत असेल तर तिथे एक हातातला आरसा टांगून ठेवा. रंगाचं काम झालं की पैसे घेण्याआधी ग्राहकाला तिथे उभं करून केस दाखवा. पिवळट वाटलं तर लगेच कळेल आणि दहा मिनिटांत पुन्हा टोन करता येईल.

आता वास. रूम स्प्रे आजपासून बंद करा. अमोनियाच्या वासावर मोगऱ्याचा स्प्रे मारला की अमोनिया जात नाही. अमोनिया आणि मोगरा दोन्ही नाकात जातात. ज्या बाईचं डोकं दुखलं ती बहुतेक त्या मिश्रणालाच कंटाळली असेल. सलूनचा वास म्हणून जो ओळखू येतो त्याचे उगम मोजकेच आहेत: रंग आणि ब्लीच, नीट न वाळलेले टॉवेल, कचऱ्याच्या डब्यातले रंगाचे वाडगे आणि कापूस, आणि बेसिनखालची नळी. सुगंध ही फार नंतरची गोष्ट.

टॉवेल आधी बघा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. ओला टॉवेल टोपलीत दाबून ठेवला की काही तासांतच आंबूस होतो आणि अर्धवट वाळवून घडी घातली की तो वास धुऊनही जात नाही. ज्या टॉवेलने मान पुसली जाते तो नाकाखालीच असतो, त्यामुळे खोलीभर कितीही सुगंध असला तरी उपयोग नाही. वापरलेले टॉवेल झाकणाच्या डब्यात, दिवसाअखेर धुवायला. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने टॉवेल पाणी कमी शोषतो. बेसिनच्या नळीत वाकलेला भाग असतो, त्यात साठलेलं पाणी गटाराची हवा अडवतं. सुटीनंतर उघडलं की दुर्गंधी येत असेल तर ते पाणी आटलं आहे; तांब्याभर पाणी ओता, लगेच फरक पडेल. रोज वापरूनही वास येत असेल तर जाळीखाली केस आणि साबणाचा गोळा अडकला आहे, तो काढावा लागेल.

रंगाच्या वासाला मात्र पंखाच हवा. एसी खोलीतलीच हवा फिरवतो आणि थंड करतो. बहुतेक भिंतीवरचे एसी बाहेरची हवा आत घेत नाहीत. हिशेब सोपा आहे. तुमची खोली २० गुणिले १२ गुणिले १० म्हणजे २४०० घनफूट. तासाला सहा वेळा हवा बदलायची तर १४,४०० घनफूट, म्हणजे मिनिटाला २४० घनफूट हवा बाहेर जायला हवी. जाळी, झडप आणि नळी यांमुळे खोक्यावरच्या आकड्यापेक्षा पंखा प्रत्यक्षात कमी ओढतो. म्हणून मिनिटाला ३०० घनफुटांच्या वरचा घ्या. तो उंचावर, रंग कालवण्याच्या टेबलाजवळच्या बाहेरच्या भिंतीत बसवा, दाराच्या शेजारी नव्हे. दाराशेजारी बसवला तर दारातून आलेली ताजी हवाच तो परत बाहेर फेकत बसतो आणि मागच्या कोपऱ्यातला वास जागच्या जागी राहतो.

यात हमखास होणारी चूक अशी की एसी वाया जाऊ नये म्हणून दार-खिडक्या घट्ट बंद करतात. आत हवा यायला वाटच नसली तर पंखा नुसता फिरतो. दाराखाली बोटभर फट ठेवा. पंखा चालू करून त्या फटीजवळ टिश्यू पेपर धरा. कागद आत ओढला गेला तर हवा चालते आहे. दिवसभर चालवायची गरज नाही. रंग कालवायला घेतला की सुरू, शेवटचा रंग धुतल्यावर आणखी वीस मिनिटांनी बंद. केस सरळ किंवा मऊ करायच्या काही ट्रीटमेंट गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइड सोडतात. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो आणि साध्या मास्कने ते अडत नाही. तसं काही करत असाल तर एवढा पंखा त्याला पुरेल असं धरू नका. बाटलीवरचे घटक वाचा, शक्य तर असं उत्पादनच टाळा, निदान त्या वेळी दुसरा ग्राहक बसवू नका आणि खिडक्या उघड्या ठेवा.

हे सगळं झाल्यावर आठवडाभर काहीच सुगंध न लावता सलून चालवून बघा. तरीही हवासा वाटला तर फक्त दारापाशी, खुर्चीपासून दूर, काड्यांचा डिफ्यूझर ठेवा आणि त्यात आठ-दहा नव्हे, तीन काड्या घाला. वाफेचा डिफ्यूझर असेल तर १०० मिली पाण्यात तीन-चार थेंब, तेही तासातून पंधरा मिनिटं. नाक एकाच वासाला थोड्याच वेळात सरावतं. म्हणून दिवसभर आत असणाऱ्या मुलींना वाटतं की सुगंध उडाला आणि त्या आणखी थेंब टाकतात. बाहेरून येणाऱ्याला मात्र भपकारा बसतो. तीव्रता ठरवायची ती पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या हवेत फिरून परत आल्यावर, पहिल्या दोन श्वासांत. दार उघडताच वास कशाचा ते नाव घेऊन सांगता येत असेल तर तो जास्त आहे. दमा, अर्धशिशी किंवा गरोदरपण असलेल्या ग्राहकाच्या वेळेआधी डिफ्यूझर काढून ठेवायची सवय लावा; ‘सुगंध चालतो का?’ हा प्रश्न अपॉइंटमेंट घेतानाच विचारता येतो. मेणबत्ती आणि उदबत्ती नको. हेअर स्प्रे, ॲसिटोन आणि स्पिरिट असलेल्या खोलीत उघडी ज्योत किंवा निखारा ठेवणं धोक्याचं आहे.

म्युझिकचं सांगण्याआधी आवाजाबद्दल. आरसे, टाइल्स, काच आणि समोर उघडी भिंत, म्हणजे तुमची खोली आवाज शोषत नाही, नुसती परतवते. खोलीच्या मधोमध उभ्या राहून एक टाळी वाजवा. मागे ‘टर्रर्र’ असा बारीक कंप ऐकू आला तर आरशाची भिंत आणि समोरची भिंत आवाजाची टोलवाटोलवी करताहेत. अशा खोलीत एक ड्रायर चालू झाला की दोनाचा आवाज येतो, मग बोलणाऱ्या मोठ्याने बोलतात, मग कुणी स्पीकर वाढवतं. समोरच्या भिंतीवर जाड सुती पडदा लावा, भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे आणि जेवढी रुंदी झाकायची तिच्या दुप्पट कापडाचा, म्हणजे चुण्या पडतील. पूर्ण भिंत झाकायची गरज नाही, निम्मी पुरते. खालचे तीन फूट मोकळे सोडा, नाहीतर केस चिकटतील. इस्त्री आणि ड्रायर टांगता त्या बाजूला तर तो नकोच. ड्रायरच्या मागची जाळी आठवड्याला ब्रशने साफ करा. ती केसांनी आणि धुळीने बुजली की ड्रायर जास्त किंचाळतो आणि तापतोही. यातून मिळणारी शांतता कुठल्याही स्पीकरपेक्षा स्वस्त आहे.

म्युझिकला एकच नियम कडक पाळा: ड्रायर चालू असताना आवाज वाढवायचा नाही. त्या दोन मिनिटांत गाणं ऐकू आलं नाही तर बिघडत नाही. ड्रायर थांबल्यावर किंचाळणारा स्पीकर बिघडवतो. एका टोकाच्या एका मोठ्या आवाजाच्या स्पीकरऐवजी दोन छोटे, एक बसायच्या जागेपाशी आणि एक बेसिनच्या बाजूला, दोन्ही हळू. माप असं की तीन फुटांवरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता यावं. प्लेलिस्ट निदान एका पाळीएवढी, सात-आठ तासांची असू द्या. तासाभराची यादी दिवसात आठ वेळा फिरते आणि त्याचा वैताग मुलींच्या चेहऱ्यावर दिसतो. ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज समान करण्याची सोय असेल तर ती चालू करा. जिथे कट किंवा रंग ठरवायचं बोलणं चालतं तिथे शब्दांची, त्यातही ओळखीची गाणी नकोत. कान तिकडे जातो. एक गोष्ट मात्र खर्चात धरा: ऐकण्याच्या ॲपची सदस्यता बहुतेक वेळा घरगुती वापरापुरती असते आणि दुकानात गाणी वाजवायला बऱ्याच देशांत वेगळा परवाना लागतो. तो काढायचा नसेल तर व्यावसायिक वापराची परवानगी स्पष्ट लिहिलेलं संगीत वापरा. विनापरवाना वाजवण्यापेक्षा काहीच न वाजवलेलं बरं.

राहिला सोफा. तीन जणांच्या सोफ्यावर अनोळखी बायका दोनच बसतात, मधली जागा पर्सला जाते. शिवाय खोल, खचलेल्या सोफ्यातून वयस्कर बाईला उठता येत नाही. तो विकून तीन सुट्या खुर्च्या घ्या. बैठक जमिनीपासून १७-१८ इंच, निदान एकीला हात असलेले. पाठ भिंतीला लागेल अशा ठेवा, दाराच्या झोतात आणि एसीच्या थेट खाली नको. समोर तीन फुटांची वाट मोकळी राहू द्या. तोंड कामाच्या खुर्च्यांकडे करून तर मुळीच बसवू नका. डोक्याला फॉइल, ओले केस अशा अवस्थेत आरशातून तीन अनोळखी जणी आपल्याकडे बघताहेत, हे कुणालाच आवडत नाही. खुर्च्या आडव्या भिंतीला लावल्या की नजर दाराकडे जाते. काचेचं दार असेल तर जमिनीपासून तीन ते साडेपाच फुटांच्या पट्ट्यात दुधी फिल्म चिकटवा. उजेड येतो, रस्त्यावरून आतलं दिसत नाही. या कोपऱ्यात ३००० केल्विनचा मंद दिवा, एक चार्जिंगचा प्लग आणि पर्स अडकवायला हुक, एवढं बस.

रंग लावून अर्धा तास थांबलेल्या ग्राहकाला या खुर्च्यांवर आणून बसवू नका. तिच्यासाठी बेसिनच्या बाजूला पुसता येईल अशा रेक्झिनची एक वेगळी खुर्ची ठेवा आणि हातात टायमर द्या, म्हणजे ‘झालं का?’ म्हणून ती दर पाच मिनिटांनी मान वळवणार नाही.

तीन खुर्च्यांना बसायच्या तीन जागा पुरतील का, हे फर्निचरपेक्षा तुमच्या वहीवर अवलंबून आहे. तिन्ही अपॉइंटमेंट दहाला दिल्यात तर एकदम तिघी येणार, सोबतीची माणसं वेगळी. दहा, सव्वादहा, साडेदहा अशा दिल्यात तर एका वेळी सहसा दोनच जणी थांबलेल्या असतील. आणि थांबवताना ‘पाच मिनिटं’ असं सवयीने सांगू नका. पंचवीस लागणार असतील तर ‘पंचवीस मिनिटं लागतील, तोवर बाहेरचं काम उरकून आलात तरी चालेल’ असं सांगा, आणि वेळ पुढे सरकली तर तिने विचारायच्या आत स्वतः जाऊन सांगा.